फौजदार आणि असाइनमेंट चार

विभागातल्या मुलांनी आपल्याला ‘फौजदार’ म्हणायला सुरुवात केली आहे हे तिला पहिल्याच सत्रात कळलं. तिला राग आला नाही. आपल्या पाठीमागे आपल्याला काहीतरी म्हणत असणार याची तिला खात्री होतीच. ते काय म्हणतात हे कळल्यावर उलट एक काळजी मिटली.

ती संशोधन करणारी विद्यार्थिनी, आणि पोटापाण्यासाठी सरांच्या विषयाची अध्यापन सहाय्यक. म्हणजे शिकवायचं सरांनी, आणि मुलांच्या असाइनमेंट तपासायच्या, शंका निरसायच्या, कॉप्या पकडायच्या हिने. पहिल्या दोन कामांबद्दल विद्यापीठ तिला पैसे देत असे. तिसरं ती हौसेने करी. लिफ्टच्या दारावर बाण वर दाखवत असला तरी आत शिरल्यावर ती एकदा विचारून घेई, “वरच चाललीय ना?” कोणी “सहज आलो होतो” म्हणालं की ती त्याच्या मागे दुसरं कोण उभं आहे ते बघे.

हे रक्तातच होतं. तिचे बाबा वजनमापे निरीक्षक होते. दुकानात शिरले की आधी पारड्याखाली हात फिरवत, मग दुकानदाराला नमस्कार करत. घरात मिठाईचा डबा आला तर आई तो आधी लपवी, कारण बाबा तो डब्यासकट तोलत आणि मग रिकामा डबा तोलत, आणि तोवर मिठाई खाण्यातली मजा निघून जाई. बाबांची एकच हकिगत अशी होती की जिच्यात त्यांची सरशी होत नसे, आणि नेमकी तीच ते वर्षातून दोनदा तरी सांगत. एका खिळे-पत्रेवाल्याच्या दुकानात त्यांनी आपली सरकारी पितळी वजनं मांडली, तर तो म्हातारा चष्मा पुसत म्हणाला, “साहेब, तुमच्या वजनांवरचा शिक्का कधीचा आहे?” निरीक्षकाची वजनंही दरसाल वरच्या कार्यालयातून तपासून, शिक्का मारून आणावी लागतात. बाबा सांगत, “काय उर्मट माणूस! मला विचारतो!” आणि आतून आई दरवेळी तेवढंच म्हणे, “शिक्का मात्र मागल्या सालचाच होता हं.”

अशा घरातून आलेल्या मुलीला गुरुवारी दुपारी जेवण झाल्या झाल्या ती मेल आली.

विषयाच्या जागी लिहिलं होतं: ‘असाइनमेंट चार – नक्की कोणती ऑपरेशन्स इटरेटिव्ह?’ आणि खाली:

‘मॅडम, असाइनमेंटच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे की इन्सर्ट, सर्च आणि डिलीट यांत रिकर्शन वापरू नये. शेवटच्या पानावरच्या गुणतक्त्यात मात्र “ट्रीवरील सर्व ऑपरेशन्स इटरेटिव्ह” असं आहे. आणि आम्हाला दिलेल्या फाइलमध्ये हाइटचं जे अर्धं फंक्शन लिहून दिलं आहे, ते स्वतःलाच बोलावतं. मग इनऑर्डर ट्रॅव्हर्सल आणि हाइट ही दोन रिकर्शनने केलेली चालतील, की तीही लूपने हवीत? विचारण्याचं कारण, ट्रीची सरळ साखळी झाली तर दिलेल्या पद्धतीने हाइट निघत नाही, प्रोग्राम बंद पडतो. कृपया उद्याच्या आत सांगावं.’

खाली नाव होतं. ते नाव तिच्या चांगलं ओळखीचं होतं.

ज्याला या धंद्याशी काही देणंघेणं नाही त्याच्यासाठी थोडक्यात सांगायचं तर असाइनमेंट झाडाची होती. संगणकातलं झाड उलटं वाढतं, मूळ वर आणि फांद्या खाली. एकेक आकडा येतो, लहान असेल तर डावीकडे उतरतो, मोठा असेल तर उजवीकडे, आणि रिकामी जागा मिळेल तिथे ‘नोड’ होऊन चिकटतो. या झाडात आकडा घालणं, शोधणं, काढणं, सगळे आकडे क्रमाने वाचणं (हेच इनऑर्डर) आणि झाड किती खोल आहे ते मोजणं (ही हाइट), एवढी कामं मुलांनी लिहायची होती. ती दोन तऱ्हांनी लिहिता येतात. एक म्हणजे लूप: आपणच एकेक पायरी उतरत जायचं. यालाच इटरेटिव्ह म्हणतात. दुसरी तऱ्हा रिकर्शन: काम स्वतःच्याच हाताखाली स्वतःलाच नेमतं, तो हाताखालचा आणखी एकाला नेमतो, आणि सगळ्यात खालच्याचं उत्तर येईपर्यंत वरचे सगळे फाइल उघडी ठेवून बसून राहतात. कार्यालयं अशी चालतात. यंत्र मात्र ठरावीक संख्येनंतर नेमणुका बंद करतं आणि प्रोग्राम कोसळतो.

फौजदारने मेल दुसऱ्यांदा वाचली. तिच्या मनात पाल चुकचुकली.

एक तर ही मुलगी. पहिल्या असाइनमेंटमध्ये हिचा आणि दुसऱ्या एका मुलीचा प्रोग्राम जुळला होता. दोघी म्हणाल्या, आम्ही एकमेकींचं पाहिलंही नाही. दोघींना लेखी ताकीद मिळाली होती, आणि ती मिळवून देणारी फौजदारच होती. नियम असा की दुसऱ्यांदा नाव गेलं की विद्यार्थी विषयातून बाद, वर्षही बाद. अशी मुलगी एरवी मेल करत नाही. अशी मुलगी तोंडाला कुलूप लावून बसते.

दुसरं म्हणजे मेल फारच नीट होती. तीन जागा, तीन वेगवेगळ्या गोष्टी, आणि तिन्ही अचूक. मुलांच्या मेल अशा नसतात. मुलांच्या मेल ‘मॅम माझं चालत नाहीये’ अशा असतात, आणि सोबत पडद्याचा मोबाइलने काढलेला तिरका फोटो असतो.

आणि तिसरं म्हणजे ती साखळी.

मुलांच्या असाइनमेंट तपासायला फौजदारने काही चाचण्या लिहून ठेवल्या होत्या. त्या मुलांना दाखवायच्या नसतात. त्यातल्या शेवटच्या फाइलचं नावच ‘साखळी’ होतं. काही हजार आकडे चढत्या क्रमाने झाडात घालायचे. प्रत्येक आकडा आधीच्याहून मोठा, म्हणून प्रत्येक जण उजवीकडेच जाणार, आणि झाडाऐवजी एक लांबलचक साखळी लोंबणार. ज्याने गुपचूप रिकर्शन वापरलं असेल तो तिथे बरोबर सापडतो. चाचणीच्या शेवटी हाइट विचारलेली होती, झाड नीट झालंय ना याची खात्री करायला.

आणि ही मुलगी विचारते, साखळी झाली तर हाइटचं काय.

“हिला चाचणी मिळालीय,” ती मोठ्याने म्हणाली.

शेजारच्या टेबलावर तिचा सहकारी सहाय्यक बसलेला असे. त्याला सगळे ‘निवांत’ म्हणत, आणि त्याने त्या नावाला कधी बट्टा लावला नव्हता. तो पाय समोरच्या खुर्चीवर ठेवून संत्रं सोलत होता.

“कुणाला काय मिळालं?”

तिने पडदा त्याच्याकडे वळवला. त्याने मेल वाचली, एक फोड तोंडात टाकली.

“बरोबर विचारतेय की. तीन ठिकाणी तीन गोष्टी लिहिल्यात आपण. पहिलं पान सरांचं, तक्ता त्या आधीच्या सहाय्यकाच्या जमान्यातला, आणि फाइल तुझी. तिघांची आपसात गाठ कधी पडलीच नाही.”

“ते राहू दे. साखळी कुठून आली?”

“मग काय म्हणायचं तिने? एकाखाली एक नोड लटकले तर काय, झुंबर म्हणायचं?”

“निवांत, चेष्टा नको. चाचण्या कुठे आहेत?”

“आपल्या सामायिक फोल्डरमध्ये. तूच तर ठेवल्यास.”

तिने फोल्डरच्या परवानग्या उघडल्या. वाचण्याची परवानगी: विभागातील सर्व. ती खुर्चीत मागे रेलली. अख्ख्या विभागाला दार सताड उघडं. तिला आठवलं, महिन्यापूर्वी निवांतला ती फाइल उघडत नव्हती, म्हणून घाईत ‘सर्व’वर टिचकी मारली होती, दोन मिनिटांसाठी. दोन मिनिटं अजून चालली होती.

“हे तू केलंस,” निवांत म्हणाला.

“तुझ्यासाठी केलं.”

“बघ, म्हणजे शेवटी मीच.”

कोणी फोल्डर उघडून पाहिलं याची नोंद संगणक ठेवत नव्हता. पण फौजदारला नोंद नकोच होती. दार उघडं, घरातली वस्तू परक्या तोंडी, आणि त्या तोंडावर आधीचा डाग. यात पाणी मुरतंय हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. मेल म्हणजे नुसती शंका नव्हे, ही बचावाची तयारी आहे, असं तिला आता दिसू लागलं. उद्या पकडली तर म्हणेल, मी तर आधीच विचारलं होतं.

सर आपल्या खोलीत चष्मा कपाळावर चढवून चष्माच शोधत होते.

“सर, असाइनमेंट चार फुटली.”

“अरे बापरे. सगळी?”

“साखळीची चाचणी. एका विद्यार्थिनीने मेलमध्येच तिचा उल्लेख केलाय. तीच, पहिल्या ताकीदवाली.”

सर भले होते, आणि भल्या माणसांना कागद समोर आला की सही करायची सवय असते. “लेखी दे. चार वाजता शिस्तपालन समितीची बैठक आहेच, तिथे ठेवतो. पुढची बैठक एकदम परीक्षेनंतर. पण काय गं, नक्की ना? पोरीचं वर्ष जाईल.”

“नक्कीच, सर.”

अहवाल लिहायला तिला वेळ लागला नाही. त्यातली भाषा तिला तोंडपाठ होती. फोल्डरबद्दल तिने ‘परवानग्यांतील तांत्रिक त्रुटीमुळे’ असं लिहिलं, त्यात त्रुटी कोणाची ते यावं असं कुठे म्हटलेलं नव्हतं. कागद छापून सरांच्या टेबलावर ठेवला आणि मग तिच्यातला वजनमापे खात्याचा अंश जागा झाला. अहवाल ठीक आहे, पण मुद्देमाल कुठाय? बैठकीत कोणी विचारलं तर? मुलीच्या संगणकावर ती चाचणीची फाइल असणारच. जाऊन बघावं. न सांगता.

मुलगी दुपारी विद्यापीठाच्या वाचनालयात देवघेवीच्या काउंटरवर काम करते हे तिला ठाऊक होतं. ताकीद देताना तिने सगळं विचारून घेतलं होतं.

वाचनालयात शिरताना फौजदारने दार हळूच लोटलं. ते दार गेली कित्येक वर्षं करकरत होतं. वाचकांनी माना वर केल्या. काउंटरमागे मुलगी परत आलेली पुस्तकं ढकलगाडीवर लावत होती. लांब वेणी, बाही कोपरापर्यंत दुमडलेली, पुस्तकाच्या पाठीवरच्या चिकटपट्टीकडे बघत ओठातल्या ओठात आकडे पुटपुटणारी. काउंटरच्या आतल्या बाजूला तिचा लॅपटॉप उघडा होता.

“मॅडम! तुम्ही इथे?” ती गोंधळली. “मेल मिळाली का?”

“मिळाली. म्हणूनच आले.” फौजदार काउंटरच्या फळीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. दुकानदाराकडे कसं उभं राहायचं ते तिने लहानपणी पाहिलं होतं. “तुझी असाइनमेंट दाखव. आत्ता. इथेच.”

“इथे? मी ड्यूटीवर...”

“ड्यूटी सोडायची गरज नाही. नुसता पडदा वळव.”

मुलीने पडदा वळवला. प्रोग्राम अर्धामुर्धा होता. इन्सर्ट, सर्च लूपने केलेले. डिलीटच्या खाली तीन वेगवेगळे प्रयत्न, त्यातले दोन रद्द केलेले, आणि एकाच्या शेजारी ‘हे का चालतंय??’ अशी नोंद. कॉपी केलेल्या प्रोग्राममध्ये माणूस इतका हताश नसतो, हे फौजदारच्या लक्षात आलं. पण हताशपणाही कॉपी करता येतो, असं तिने स्वतःला बजावलं.

“साखळी. मेलमध्ये तू साखळी लिहिलंस. ती कुठून आली?”

“कुठून म्हणजे? झाली.”

“अशी कशी झाली? आकडे कुठले घातलेस?”

“हे.” मुलीने ढकलगाडीकडे हात केला.

“काय हे?”

“पुस्तकांचे दाखल क्रमांक. मी म्हटलं, एक-दोन-तीन-सात असे चार आकडे घालून काय कळणार, खरे आकडे घालू. म्हणून यादीतून उचलले. यादी क्रमानेच आहे ना, पुस्तक आलं की पुढचा नंबर. सगळे उजवीकडेच गेले.” तिने जीभ चावली. “मला आधी कळलंच नाही. झाड मस्त भराभर भरलं, शोधलं तर सापडलं, आणि हाइट विचारली की...” तिने हाताने काहीतरी कोसळल्याची खूण केली.

एक वयस्कर प्राध्यापक मध्येच येऊन उभे राहिले. “हे पुस्तक मी आठवड्यापूर्वीच परत केलंय, मला उगाच मेल येतायत.”

“सर, ते तुमच्या हातातच आहे,” मुलगी म्हणाली.

त्यांनी हाताकडे बघितलं, “मग आता करतो,” म्हणाले आणि निघून गेले.

फौजदारला हसू आलं नाही. ती विचार करत होती. क्रमाने लावलेली यादी झाडात घातली तर साखळीच होते, यात शंका नाही. तिनेही साखळी अशीच बनवली होती. पण गोष्ट फार सोयीची वाटत होती. “हे आज सकाळी बनवलं नसशील कशावरून?”

मुलीने तिच्याकडे बघितलं. आतापर्यंतचा गोंधळ ओसरला आणि त्याजागी काहीतरी थंड आलं. “तुम्हाला काय वाटतंय, मॅडम? मी परत कुणाचं घेतलं?”

“मी विचारतेय, तू उत्तर दे. हाइट लूपने कशी काढशील?”

मुलीने मुदतीचा शिक्का मारायची एक कोरी चिठ्ठी ओढली आणि तिच्या पाठीवर गोळे काढू लागली. “एक रांग करायची. मूळ रांगेत घालायचं. मग एक थर बाहेर काढायचा, त्यांची पोरं रांगेत उभी करायची, एक मोजायचा. परत थर काढायचा. रांग संपली की मोजलेले थर म्हणजे हाइट.”

घडाघडा सांगितलं. पाठ केलंय, फौजदारने मनात नोंद केली. “आणि इनऑर्डर?”

“तसंच, रांगेने...” मुलगी थांबली. पेन्सिल गोळ्यांवरून फिरली. “नाही. रांगेने क्रम नाही येणार, थर येतील.” “ढीग करायला लागेल. डावीकडे उतरत जायचं, उतरताना एकेक ढिगावर ठेवायचा. डावीकडे संपलं की वरचा उचलायचा, छापायचा, त्याच्या उजवीकडे जायचं, परत डावीकडे.”

अडखळली. येत नाहीये, फौजदारने नोंद केली. आणि मग तिच्या ध्यानात आलं की तिच्याकडे घडाघडा सांगणाऱ्याचीही शिक्षा ठरलेली आहे आणि अडखळणाऱ्याचीही. हे तिला जरा खटकलं. पण जराच.

“मॅडम, एक विचारू?” मुलगी म्हणाली. “तुम्ही चाचण्या लावता तेव्हा आधी तुमच्या स्वतःच्या प्रोग्रामवर चालवून बघत असाल ना?”

“अर्थात.”

“साखळीसारखंही बघता?”

“बघतो. चालतं.”

“हाइटसुद्धा?”

“हो, हाइटसुद्धा.”

“मग तुमची हाइट लूपने आहे?”

“नाही, तुम्हाला दिलीय तीच, रिकर्...” फौजदार बोलता बोलता थांबली.

“मग ती कशी चालते?” मुलीने विचारलं. त्यात टोमणा नव्हता. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं, आणि म्हणूनच ते फार लागलं.

फौजदार काउंटरवर हात ठेवून उभी होती. हात तिने हळूच काढून घेतले. कशी चालते? काही हजार नोडांची साखळी, हाइट रिकर्शनने, आणि यंत्र हजाराच्या आसपास नेमणुका बंद करतं. चालताच कामा नये. तिने ती चाचणी स्वतः चालवली होती, हिरवी खूण बघितली होती, आणि ती हिरवी खूण हा अख्ख्या विभागात बहुधा एकच दाखला होता की ज्यावर तिने संशय घेतला नव्हता. कुठूनतरी दूरवरून चष्मा पुसणारा एक खिळे-पत्रेवाला म्हातारा तिच्याकडे बघत होता.

“किती वाजले?” तिने विचारलं.

“पावणेचार होतायत.”

ती धावली. दार करकरलं, आणि वाचकांनी पुन्हा माना वर केल्या.

निवांतने संत्रं संपवून सालं ओळीने मांडून ठेवली होती. “मुद्देमाल मिळाला?”

तिने आपला नमुना प्रोग्राम उघडला. जो सगळ्यात बरोबर, ज्याच्याशी सगळ्यांचं ताडून बघायचं तो. हाइट वाचली, रिकर्शनच. मग वर, अगदी वर गेली, जिथे कोणी कधी बघत नाही. तिथे एक ओळ होती: नेमणुकांची मर्यादा हजाराची काढून एक लाख करावी. ती ओळ तिनेच घातली होती, पहिल्याच दिवशी, काहीतरी कोसळलं म्हणून, पुढे बघू म्हणून. मुलांना दिलेल्या फाइलमध्ये ती नव्हती.

तिने ओळ काढली आणि चाचणी पुन्हा चालवली. इन्सर्ट हिरवं, सर्च हिरवं. हाइटवर येऊन तिचा स्वतःचा प्रोग्राम निवांतदेखत लालभडक होऊन आडवा झाला.

“अरे वा,” निवांत मागून म्हणाला. “म्हणजे उद्या ज्याने आपण दिलेलीच हाइट पूर्ण केली, तो प्रत्येक पोरगा नापास. आणि आपण म्हणणार, बघा कसे पकडले.” मग त्याने विचारलं, “तुझा अहवाल?”

“सरांच्या टेबलावर.”

“होता. आत्ताच गेले ते. हातात कागद घेऊन.”

समितीची खोली जिन्याच्या दुसऱ्या टोकाला. सर दाराशी उभे राहून दुसऱ्या कुणाला आधी आत जाण्याचा आग्रह करत होते. या आग्रहानेच त्या दिवशी एका मुलीचं वर्ष वाचवलं म्हणायला हरकत नाही.

“सर! तो कागद द्या.”

“अगं, पहिलंच प्रकरण आहे आपलं.”

“प्रकरण नाहीये. तिने चाचणी पाहिलेली नाही. तिची साखळी वाचनालयातल्या यादीमुळे झाली, आणि आमची हाइट एका ओळीमुळे चालत होती. माझ्या ओळीमुळे.”

सरांनी चष्मा खाली आणला. “म्हणजे तिचं नाव काढून टाकू?”

“कागदच काढा, सर. नावासकट.”

“पण फोल्डर उघडा होता म्हणतेस ना? मग पाहिली नाही कशावरून?”

हा प्रश्न तासाभरापूर्वी तिने स्वतः विचारला असता, आणि उत्तराची वाट न बघता पुढे गेली असती. आता तिला उत्तर द्यावं लागलं. “खात्री नाही देता येणार, सर. पण चोरी करणारा त्या मालाबद्दलची शंका मालकालाच मेल करून विचारत नाही. आणि साखळी व्हायला चोरी लागत नाही, नुसती क्रमाने लावलेली यादी पुरते. फोल्डर मी उघडा ठेवला होता. ते मी वेगळं लिहून देते, माझ्या नावाने.”

“मग ‘तांत्रिक त्रुटी’?”

“ती मीच.”

सरांनी कागद तिच्या हातात दिला, थोड्याशा खेदाने; आता आत जाऊन बोलायला त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं. “पण मग मुलांना सांगायचं काय? काय काय लूपने?”

तीच ती शंका. दुपारपासून फौजदारने त्या शंकेबद्दल सगळं ठरवलं होतं, फक्त शंकेचं उत्तर दिलं नव्हतं.

संध्याकाळ व्हायच्या आत सगळ्या वर्गाला मेल गेली: ‘असाइनमेंट चारमधील तीन जागी परस्परविरोधी सूचना आहेत, चूक आमची. इन्सर्ट, सर्च व डिलीट ही तीनच ऑपरेशन्स इटरेटिव्ह असणं सक्तीचं. इनऑर्डर व हाइट हवी तशी करावीत. त्यांची तपासणी साखळीवर होणार नाही. गुणतक्त्यातील “सर्व” हा शब्द रद्द. मुदत सोमवारपर्यंत.’ ‘चूक आमची’ हे शब्द तिने दोनदा खोडून तिसऱ्यांदा ठेवले. निवांत म्हणाला, “‘आमची’ काय? मी संत्रं खात होतो.” तिने ते ‘माझी’ केलं.

मुलीलाही वेगळी ओळ पाठवली: ‘तुझी शंका बरोबर होती. वाचनालयात ज्या पद्धतीने बोलले त्याबद्दल माफ कर.’

उत्तर आलं ते असं: ‘ठीक आहे मॅडम. तुमची हाइट कशी चालत होती ते सांगितलं नाहीत.’

तिने सांगितलं. ओळीसकट. त्यावर उत्तर आलं नाही, आणि ते येणार नाही हे तिला पटतही होतं. माफ करणं आणि विसरणं या दोन वेगळ्या असाइनमेंट आहेत, आणि दुसरी सक्तीची नाही.

तिने फोल्डरची परवानगी बंद केली, मग उघडून पुन्हा बंद आहे ना ते बघितलं. एवढ्यावर तिचं काम संपायला हवं होतं. निवांत जाकीट चढवून दाराशी उभा होता.

“चल की. आता कुणावर संशय?”

पहिल्या असाइनमेंटची ती जुळवाजुळव तिने उघडली होती, जिच्यावरून दोघी मुलींना ताकीद मिळाली होती. जुळणाऱ्या ओळी पिवळ्या केलेल्या. प्रोग्राम जुळवून बघणाऱ्या त्या साधनाला आधी सांगावं लागतं की आम्ही मुलांना कोणत्या ओळी आयत्या दिल्या आहेत, म्हणजे तेवढ्या ते सोडून देतं. तसं आपण तेव्हा सांगितलं होतं का, हे तिला आठवेना. दोघी म्हणाल्या होत्या, आम्ही एकमेकींचं पाहिलंही नाही. त्या वेळी तिला ते फारच ठरवून बोलल्यासारखं वाटलं होतं.

“अगं, वाचनालयसुद्धा बंद झालं असेल,” निवांत म्हणाला.

“तू हो पुढे,” ती म्हणाली, आणि मुलांना दिलेली जुनी फाइल शेजारी उघडून पिवळ्या ओळी एकेक करून ताडू लागली. पहिली जुळली. ती फौजदारनेच मुलांना आयती दिलेली होती. दुसरीही.